सवलतीच्या तीन खाटा बंद केल्या तर तूट भरून निघेल का?

प्रश्न : आमच्या छोट्या धर्मादाय रुग्णालयातल्या २० खाटांच्या जनरल वॉर्डचं व्यवस्थापन मी बघते. औषधं, तपासण्या आणि डॉक्टरांची फी वेगळी असते, त्यामुळे खाली देते तो हिशोब फक्त वॉर्डाचा आहे. गेल्या वर्षी पगार ६० लाख, इमारत-वीज-सफाई-कार्यालय यांतला वॉर्डाचा वाटा १८ लाख, वापरून टाकायच्या सामानाची खरेदी २४ लाख, जेवण व धुलाई ८.७६ लाख आणि दुरुस्ती १.५ लाख, असे ११२.२६ लाख गेले. २० खाटा गुणिले ३६५ दिवस केले, तर दर खाटेला दिवसाचा खर्च साधारण १,५४० येतो. पूर्ण दराचे रुग्ण दिवसाला २,६०० देतात, सवलतीचे ६००. तीन खाटा सवलतीच्या आहेत आणि त्या वर्षभर भरलेल्या असतात. इतर खाटांवर रोज सरासरी नऊ रुग्ण असतात. सगळ्यांची सरासरी काढली तर माणशी २,१०० मिळतात, म्हणजे खर्चापेक्षा बरेच जास्त. तरी वर्षअखेर २० लाखांची तूट! विश्वस्त म्हणतात, सवलतीच्या खाटा बंद करा. मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. चूक कुठे आहे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्ही खर्च ७,३०० दिवसांनी भागला, पण पैसे मात्र ४,३८० दिवसांचेच मिळाले. सगळं कोडं इथे आहे. २० खाटांचे वर्षात ७,३०० खाट-दिवस होतात हे खरं, पण तुमच्याकडे रोज सरासरी १२ रुग्ण असतात. १२ गुणिले ३६५, म्हणजे ४,३८० रुग्णदिवस. रिकाम्या खाटेचं बिल निघत नाही, तिचा खर्च मात्र चालूच राहतो. तेच ११२.२६ लाख ४,३८० ने भागून बघा : २,५६३ येतात. माणशी २,१०० मिळतात आणि २,५६३ लागतात. दर रुग्णदिवसाला ४६३ कमी पडतात, त्याचे वर्षाला २०.२८ लाख होतात. तुमची तूट तेवढीच आहे.

यापुढे वॉर्डाचा कुठलाही दर काढताना भागाकार रुग्णदिवसांनीच करा. खाटांची संख्या ही तुमची क्षमता आहे, रुग्णदिवस हे तुमचं काम आहे. रात्री १२ वाजता वॉर्डात किती रुग्ण आहेत हे सिस्टरांच्या रजिस्टरमध्ये रोज लिहिलेलं असतंच. त्या आकड्याची बारा महिन्यांची बेरीज घ्या, अंदाजाची सरासरी घेऊ नका.

विश्वस्तांच्या सूचनेकडे वळण्याआधी खर्चाची बाजू पुरी करायला हवी, कारण ११२.२६ लाख हा आकडाही अपुरा आहे. त्यात दोन गोष्टी राहिल्यात. पहिली लहान आहे, दुसरी चांगलीच मोठी.

लहान गोष्ट सामानाची. २४ लाख ही तुमची खरेदी आहे, वापर नव्हे. वर्षाच्या सुरुवातीला स्टोअरमध्ये आणि वॉर्डच्या कपाटात मिळून ५ लाखांचं सामान होतं आणि अखेरीला ४ लाखांचं उरलं असं समजा. मग वापर झाला ५ अधिक २४ वजा ४, म्हणजे २५ लाख. हे ५ आणि ४ मी उदाहरणासाठी धरलेत. खरा आकडा मोजणीतूनच मिळेल, आणि मोजताना वॉर्डचं कपाट विसरू नका. स्टोअरमधून माल बाहेर पडला की तो खर्ची पडला असं बहुतेक ठिकाणी धरतात, पण वॉर्डात सिस्टर थोडा साठा हाताशी ठेवतातच. ऐन वेळी सलाईनचा सेट मिळाला नाही तर काय होतं, हे त्यांनी अनुभवलेलं असतं. म्हणून साठा ठेवण्याबद्दल त्यांना बोल लावू नका, फक्त तो मोजा. मुदत संपलेलं सामान शिल्लक म्हणून धरू नका. ते वर्षाच्या खर्चातच जाऊ द्या.

हे २५ लाख दोन भागांत विभागायचे. काही सामान रुग्ण आला तरच लागतं : सुया, कॅन्युला, सलाईनचे सेट, ड्रेसिंग, ऑक्सिजन. काही सामान रुग्ण असो नसो, वॉर्ड उघडा आहे म्हणून लागतं : फरशीचं जंतुनाशक, इमर्जन्सी ट्रॉलीवर तयार ठेवलेल्या आणि न वापरताच मुदत संपलेल्या वस्तू, फेरीच्या वेळचे हातमोजे. तुमच्या आकाराच्या वॉर्डसाठी दुसरा भाग ३.१ लाख आणि पहिला २१.९ लाख धरू. म्हणजे रुग्णाशी बांधलेलं सामान दिवसाला ५०० होतं. त्यात जेवण आणि धुलाईचे २०० मिळवा (८.७६ लाख भागिले ४,३८०). मग एक जादा रुग्ण एक दिवस राहिला की खरोखर वाढणारा खर्च ७०० इतका होतो. हा ७०० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मोठी गोष्ट : यंत्रं. तुमच्या पत्रात दुरुस्ती १.५ लाख आहे आणि यंत्रं बदलण्याचं नावही नाही. मॉनिटर, सिरिंज पंप, सक्शन मशीन, डिफिब्रिलेटर, खाटा, गाद्या, ट्रॉल्या यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे आज नवीन घ्यायला काय पडेल ते लिहा. खरेदीच्या वेळची किंमत नको. हिशेबनीस घसारा जुन्या किमतीवर काढतात आणि ताळेबंदासाठी ते बरोबरच आहे, पण तुम्हाला मॉनिटर घ्यायचा आहे तो उद्याच्या भावाने. ही बेरीज ५६ लाख आणि सरासरी आयुष्य ८ वर्षं धरलं, तर यंत्रं दर वर्षी ७ लाखांनी झिजतात. (खाट मॉनिटरपेक्षा बरीच जास्त टिकते, म्हणून प्रत्यक्षात वस्तूगणिक आयुष्य लावा. सरासरी फक्त इथे सोयीसाठी घेतली.) देणगीत मिळालेलं यंत्रही यादीत घ्या. पुस्तकात त्याची किंमत शून्य असली तरी ते बंद पडल्यावर दुसरं फुकट मिळेलच असं नाही. आणि त्याला त्याच कंपनीची महागडी ट्यूब किंवा सेन्सर लागत असेल, तर तो खर्च पहिल्या दिवसापासून तुमचा आहे.

देखभालीचा ढोबळ अंदाज असा की यंत्रांच्या किमतीच्या ५ ते १० टक्के दर वर्षी लागतात. ७ टक्के धरले तर ५६ लाखांवर साधारण ४ लाख. तुम्ही दीड लाख खर्च केले, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्याही आत. याचा अर्थ काटकसर झाली असा बहुधा नसतो. एक तर काही यंत्रं अजून वॉरंटीत असतील आणि ती संपली की खर्च एकदम उसळेल, नाहीतर बंद पडलेली यंत्रं तशीच कोपऱ्यात उभी असतील. यातलं काय आहे ते कळायला एक साधं रजिस्टर पुरतं. प्रत्येक यंत्राला एक पान द्या : कधी घेतलं, वॉरंटी कधी संपते, करार कुठला आहे, काय बिघडलं, किती दिवस बंद होतं. यातला शेवटचा रकाना सगळ्यात बोलका ठरतो. सहा मॉनिटरपैकी दोन वर्षातले शंभर दिवस बंद असतील, तर वॉर्डात सहा मॉनिटर आहेत असं म्हणायला अर्थ नाही.

बंद पडण्याची कारणं पाहिलीत तर बहुतेकदा यंत्र धड असतं आणि त्याचा एखादा छोटा भाग गेलेला असतो. बोटाला लावायच्या ऑक्सिजन प्रोबची वायर खाटेच्या कठड्यात अडकून तुटते, बीपीचा कफ गळतो, ईसीजीची केबल आतून जाते, बॅटरी धरेनाशी होते. सिरिंज पंपाची बॅटरी गेली की तो भिंतीच्या प्लगवर छान चालतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. रुग्णाला हलवताना किंवा वीज गेल्यावर तो थांबतो, तेव्हा कळतं. या गोष्टी दुरुस्तीत धरायच्या की सामानात, यावर वाद घालत बसू नका. एका ठिकाणी ठरवून टाका आणि दर वर्षी तिथेच लिहा. करार करताना मात्र नीट वाचा. साध्या वार्षिक करारात, म्हणजे एएमसीत, माणूस येऊन बघून जातो आणि सुट्या भागांचे पैसे वेगळे पडतात. सर्वसमावेशक करारात, म्हणजे सीएमसीत, भाग धरलेले असतात, पण प्रोब, केबल, बॅटरी यांना बहुधा त्यातूनही वगळलेलं असतं. महाग आणि गुंतागुंतीच्या यंत्रासाठी सीएमसी, सक्शन मशीनसारख्या सोप्या यंत्रासाठी गावातला चांगला तंत्रज्ञ, असं मिश्रण मला योग्य वाटतं.

तर खरा खर्च असा होतो. पगार ६०, सामायिक वाटा १८, यंत्रं बदलण्यासाठी ७, देखभाल ४, आणि रुग्णाशी न बांधलेलं सामान ३.१ : हा ९२.१ लाखांचा खर्च वॉर्ड उघडा ठेवला की होणारच. त्यावर रुग्णागणिक ७०० प्रमाणे ३०.६६ लाख. एकूण १२२.७६ लाख, म्हणजे दर रुग्णदिवसाला २,८०३. तुमचं उत्पन्न ९१.९८ लाख. खरी तूट ३०.७८ लाख आहे. त्यातले २० लाख तुम्हाला बँकेत दिसतात. उरलेले साडेदहा लाख झिजणाऱ्या यंत्रांतून, न केलेल्या देखभालीतून आणि कमी झालेल्या साठ्यातून गेलेत.

आता विश्वस्तांचा प्रश्न. सवलतीच्या तीन खाटा म्हणजे १,०९५ रुग्णदिवस. त्या बंद केल्या तर काय वाचेल? पगार वाचणार नाहीत, इमारतीचा वाटा जाणार नाही, मॉनिटर झिजायचे तेवढेच झिजतील. वाचतील फक्त दिवसाला ७००, म्हणजे ७.६७ लाख. आणि त्या रुग्णांकडून मिळणारे ६०० प्रमाणे ६.५७ लाख येणं बंद होईल. निव्वळ फायदा १.१ लाख. वीस लाखांच्या तुटीपुढे हा आकडा काहीच नाही, आणि त्यापायी रोज तीन रुग्णांची सोय जाईल. बैठकीत आधी हाच आकडा मांडा.

कुणीतरी म्हणेल, त्या खाटांवर पूर्ण दराचे रुग्ण घेतले तर २,६०० मिळतील. तुमच्याकडे रोज सरासरी आठ खाटा रिकाम्या असताना सवलतीचा रुग्ण कुणाची जागा अडवत नाही. पण सरासरीत काही दिवस लपतात, म्हणून हा मुद्दा तपासून मगच खोडा. गेल्या वर्षी किती दिवस वॉर्ड पूर्ण भरला होता आणि पूर्ण दराच्या किती रुग्णांना खाट नाही म्हणून परत पाठवलं, ते ॲडमिशनच्या टेबलावर लिहून ठेवायला सांगा. पावसाळी तापाच्या साथीत असे काही आठवडे येऊ शकतात. तेवढ्याच दिवसांपुरती सवलतीच्या खाटेची किंमत १,९०० नी (२,६०० वजा ७००) वाढते. बाकी वर्षभर नाही.

मग सवलतीवर नेमका किती खर्च होतो? याची दोन उत्तरं आहेत, दोन्ही खरी आहेत, आणि ती वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. 'या खाटा यंदा बंद कराव्यात का' असं विचारलं तर उत्तर १.१ लाख. 'ही सेवा कायम चालवायची तर कुणीतरी किती पैसे उभे करायला हवेत' असं विचारलं तर २,८०३ वजा ६०० गुणिले १,०९५, म्हणजे २४.१२ लाख. देणगीदाराकडे किंवा अनुदान मागायला जाताना दुसरा आकडा न्या, कारण पगार आणि यंत्रांतला आपला वाटा त्या रुग्णांनीही वापरलेला असतो. बैठकीत पहिला न्या. आणि तिसरा एक आकडा कुठेच नेऊ नका : २,६०० वजा ६०० गुणिले १,०९५, म्हणजे २१.९ लाख 'बुडालेलं उत्पन्न'. हे रुग्ण २,६०० देऊ शकत नव्हते म्हणूनच सवलतीत आले. ते उत्पन्न कधी येणारच नव्हतं.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते, जिच्याकडे विश्वस्तांचं लक्ष गेलेलं दिसत नाही. पूर्ण दर २,६०० आहे आणि खरा खर्च २,८०३. म्हणजे पूर्ण पैसे भरणाऱ्या प्रत्येकालाही तुम्ही दिवसाला २०३ ची सवलत देता आहात. ३,२८५ दिवसांवर ती ६.६६ लाख होते. तीन खाटांची सवलत कुणीतरी विचार करून ठरवली होती. ही कुणीच ठरवलेली नाही.

पण दर वाढवणं हा माझा पहिला सल्ला नाही. १२ च्या जागी रोज १६ रुग्ण असते, तर वाढलेले १,४६० दिवस प्रत्येकी १,९०० जास्तीचे देऊन गेले असते : २७.७४ लाख. खरी तूट जवळजवळ भरून निघते, आणि दर रुग्णदिवसाचा खर्च २,८०३ वरून २,२७७ वर उतरतो. मात्र हे तेव्हाच खरं, जेव्हा १६ रुग्णांना आताच्याच सिस्टर पुरतील. इथे घाई नको. चोवीस तासांची एक जागा भरायची म्हणजे वर्षाला १,०९५ पाळ्या. सुट्ट्या आणि रजा वजा जाता एक व्यक्ती साधारण २७० पाळ्या करते, म्हणजे त्या एका जागेला चार माणसं लागतात. मेट्रनबाईंना विचारा, की रात्रपाळीत किती रुग्णांपर्यंत त्या आताच्या माणसांवर निभावू शकतात. त्यांनी १४ म्हटलं तर १६ चा हिशोब चार पगार मिळवून पुन्हा मांडा. आणि रुग्ण वाढण्याची शक्यताच नसेल, तर उलट बाजूने पाहा : वीसऐवजी १५ खाटांना पुरेल एवढीच पाळी लावायची आणि मोकळ्या होणाऱ्या सिस्टर ज्या विभागात माणसं कमी आहेत तिथे द्यायच्या. त्या तिथे खरोखर लागत असतील तरच रुग्णालयाचा खर्च कमी होतो, नाहीतर तो नुसता एका वहीतून दुसरीत जातो. १८ लाखांच्या सामायिक वाट्याचंही असंच आहे. वॉर्ड आखडला म्हणून कार्यालयाचं बिल कमी होत नाही.

७०० च्या आकड्याबद्दल एक इशारा द्यायला हवा. ती सरासरी आहे, आणि सवलतीचे रुग्ण अनेकदा उशिरा, जास्त आजारी होऊन येतात. ऑक्सिजनचंच बघा. मिनिटाला ५ लिटर लावला की तासाला ३०० आणि दिवसाला ७,२०० लिटर होतात. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण ७,००० लिटर असतात. म्हणजे असा एक रुग्ण दिवसाला एक अख्खं सिलिंडर संपवतो, आणि शेजारचा ड्रेसिंगचा रुग्ण काहीच नाही. तुमच्या पुस्तकात दोघांवर सारखाच ऑक्सिजन पडतो. म्हणून एक महिना सगळ्याच रुग्णांच्या केसपेपरला एक कागद लावा आणि त्यावर ऑक्सिजन किती वेगाने, किती तास, आणि सलाईनचे सेट, कॅन्युला, ड्रेसिंग किती लागलं तेवढंच लिहून घ्या. सवलतीच्या रुग्णांचा खर्च ७०० ऐवजी १,१०० निघाला, तर तीन खाटा बंद केल्याने वाचणारी रक्कम १.१ लाखांवरून साधारण साडेपाच लाखांवर जाते. माझं मत तेव्हाही बदलणार नाही, पण विश्वस्तांना खरा आकडा द्यायला हवा. याच कागदांवरून दुसरी तपासणीही होते. कागदांवरच्या तासांनी जितके सिलिंडर संपायला हवेत त्याहून बरेच जास्त संपत असतील, तर जोडणीतून गळती आहे, किंवा रुग्ण गेल्यावर फ्लोमीटर उघडाच राहतो आहे.

राहिली ती वर्षाला ७ लाख यंत्रांसाठी बाजूला काढण्याची गोष्ट. तूट असताना ते कुठून काढणार, असं तुम्ही विचाराल. पहिल्या वर्षी जमणार नाही, पण अंदाजपत्रकात ती ओळ लिहाच आणि तिच्यापुढे 'न भरलेली रक्कम' असं स्पष्ट दाखवा, म्हणजे ती दर वर्षी साचताना विश्वस्तांना दिसेल. मग यंत्रांच्या रजिस्टरमधून अशी दोन-तीन यंत्रं निवडा की जी बंद पडली तर खाट बंद ठेवावी लागेल, आणि आधी त्यांचे पैसे उभे करा. पुढच्या वेळी कुणी नवा मॉनिटर देणगीत देऊ केला, तर आधी कोपऱ्यातल्या दोन मॉनिटरना काय हवंय ते त्यांना दाखवा. बहुतेक देणगीदारांना बॅटऱ्या आणि प्रोब द्यायला कुणी सांगितलेलंच नसतं.